शनिवारी सात वाजता येणारा माणूस

अरे,

तुझा मेसेज वाचला. ती मुलगी दर आठवड्याला येते, कथांच्या कपाटापाशी उभी राहते आणि तू "काय हवंय?" विचारलंस की "काही नाही, बघतेय" म्हणून दोन मिनिटांत निघून जाते. तू विचारतोयस की तिला पुस्तक कसं सुचवायचं. मी तुला माझ्या एका गिऱ्हाइकाचं सांगते, कारण सगळ्या चुका मी त्याच्यावरच केल्या आणि जे काही शिकले तेही त्याच्याकडूनच.

ठाण्यात राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत आमचं दुकान होतं. हा मुलगा, असेल तिशीचा, शनिवारी सातच्या सुमारास यायचा, सॅक पुढे पोटावर घेतलेली, म्हणजे थेट लोकलमधून उतरून. कपाटातून पुस्तक काढायचा, पहिली दोन पानं वाचायचा, मग ते एका हातात धरून अंगठ्याने उघडं ठेवून बघायचा आणि परत ठेवून द्यायचा. जाड पुस्तकाला तर हातच लावायचा नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की याला किंमत परवडत नाही. म्हणून महिनाभर मी त्याच्यासमोर स्वस्त पुस्तकं ठेवत गेले आणि तो ती बघून न बघितल्यासारखी करत गेला.

मग एकदा मला राहवलं नाही. कोकणावरचं काहीतरी चाळत होता म्हणून मी 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड आणून त्याच्या हातात दिले आणि पाच मिनिटं त्याबद्दल बोलले, मनापासून बोलले, पण तो मान हलवत राहिला आणि शेवटी पैसे देऊन ते दोन जाड खंड सॅकमध्ये कोंबून गेला. मला वाटलं जमलं. त्यानंतर तो दोन महिने आला नाही.

हे नीट लक्षात ठेव. बुजरं गिऱ्हाईक नाही म्हणत नाही, ते विकत घेतं आणि यायचं बंद होतं. बिल झालं म्हणजे पुस्तक आवडलं असं धरू नकोस. बोलका माणूस "हे नको हो, दुसरं दाखवा" म्हणतो, लाजऱ्याला ते वाक्यच तोंडातून काढता येत नाही, त्यामुळे ते तू त्याच्यासाठी आधीच बोलून ठेवायचं असतं.

तो परत आला तेव्हा मी खंडांचा विषयच काढला नाही. दुकानात गर्दी होती, तो बाजूला झाला, एक पुस्तक घेऊन दाराच्या खांबाला टेकला आणि डावा हात वर, कडीला धरल्यासारखा. तेव्हा डोक्यात उजेड पडला. हा उभ्याने वाचतो! मस्जिदहून कळव्यापर्यंत स्लो लोकल, एक हात वर, एका हातात पुस्तक. किमतीचा प्रश्न नव्हताच, वजनाचा होता.

पुढच्या शनिवारी तो जिथे उभा राहायचा तिथे, डोळ्यांच्या उंचीवर, मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' कव्हर दिसेल अशी ठेवली. मुखपृष्ठाच्या आत एक चिठ्ठी घातली: "एका हातात मावतं. नाही घेतलंत तरी चालेल." हातात दिलं नाही, काउंटरमागे त्याच्या नावाने राखूनही ठेवलं नाही, कारण राखून ठेवलं की घ्यावंच लागतं. मी पलीकडे दिवाळी अंकांचे गठ्ठे सोडत बसले. त्याने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं नाही, पुस्तक घेतलं. बिल करताना चिठ्ठी आतच राहू दिली त्याने.

दोन शनिवारांनी तो काउंटरशी आला. मी "आवडलं का?" विचारणार होते, अगदी ओठांवर आलेलं, आणि गिळलं. त्या प्रश्नाला लाजरा माणूस "हो, छान होतं" एवढंच म्हणतो आणि विषय संपतो. मी विचारलं, "तालीम बांधतात तिथपर्यंत आलात का?" म्हणजे मत मागितलं नाही, फक्त कुठल्या पानावर आहे ते. तो म्हणाला, संपलं. मग थांबला. मीही थांबले, सुतळी गुंडाळत, आणि खरं सांगते, ती शांतता भरून काढायची फार इच्छा होत होती. मग तोच म्हणाला, "दुष्काळात सगळे निघून जातात ना, मास्तरपण जातो. ते परत येतात का नंतर वाडीत?"

मी म्हटलं, पुस्तकात नाहीये ते. मलाही तेच वाटत राहिलं.

एवढंच बोलणं झालं. पण पुढचं पुस्तक त्याच प्रश्नात होतं. आपण दुकानवाले काय करतो, माडगूळकर आवडले ना, मग घ्या 'माणदेशी माणसं', म्हणजे त्याच लेखकाचं पुढचं. वाईट नाही ते. पण त्याने माणदेशाबद्दल विचारलंच नव्हतं, त्याने विचारलं होतं की जागा सोडून गेलेल्या माणसांचं काय होतं. म्हणून मी 'रणांगण' ठेवलं. विश्राम बेडेकरांचं, 1939 सालचं, बोटीवर घडतं, जर्मनीतून निघालेले ज्यू त्या बोटीवर आहेत ज्यांना कुठे ठाव नाही. 'बनगरवाडी'तल्या धनगरांशी वरवर काही संबंध नाही, पण पुस्तक तेवढंच बारीक आणि प्रश्न तोच. चिठ्ठीत लिहिलं, "हेही परत न येणाऱ्यांचं. दुःखी आहे. नको वाटलं तर आठ दिवसांत बदलून देईन."

दुःखी आहे हे लिहायचं असतं. प्रत्येक पुस्तक "मस्त आहे" म्हणून दिलंस तर तुझ्या शब्दाला काही दिवसांत किंमत राहात नाही.

या वेळी तो शनिवारपर्यंत थांबला नाही, मंगळवारीच आला. "माझं कळवा गेलं," म्हणाला, "हॅर्टाचं वाचत होतो, मुंब्र्याला उतरलो." आणि हसला. आम्ही वीस मिनिटं बोललो, म्हणजे तो बोलला, मी मध्ये मध्ये. त्यानंतर चिठ्ठ्या लागल्या नाहीत.

मी एक साधी वही ठेवायचे, तूही ठेव. तारीख, पुस्तक आणि माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत. "आवडलं" असं लिहू नकोस, त्याचा उपयोग होत नाही. "परत येतात का?" असं लिहिलेलं असलं की पुढचं पुस्तक सापडतं. आणि न आवडलेलं तर नक्की लिही. वर्षभराने त्यानेच सांगितलं की खंडांची चाळीस पानं घरी वाचली होती, पण पूर्ण न वाचता तुमच्यासमोर यायला लाज वाटत होती. पुस्तक थोर आहे, मी चुकीच्या हातात दिलं होतं.

तुझ्या त्या मुलीचं पुस्तक कुठलं ते मला इथून कळणार नाही. ती कुठलं पान उघडते ते बघ, पहिलं, शेवटचं की मधलंच. परत ठेवताना कुठल्या पुस्तकावर हात रेंगाळतो ते बघ. आणि दोन-तीन आठवडे काही विचारू नकोस, काहीतरी काम हातात घेऊन थोडं लांब बस.

आणि एक दिवस असा येईल त्याची तयारी ठेव. आमच्या त्या मुलाने एका शनिवारी सॅकमधून एक पुस्तक काढलं, लायब्ररीचं बाइंडिंग, आत मराठी ग्रंथ संग्रहालयाचा शिक्का. 1893 पासूनची लायब्ररी ती, आपल्या दुकानांत न मिळणारं बरंच काही तिथे आहे. जुनं प्रवासवर्णन होतं, आवृत्ती कधीच संपलेली. "तुम्ही वाचलंय?" म्हणाला. मी नव्हतं वाचलं, नावही ऐकलं नव्हतं, आणि वीस वर्षं काउंटरला असून ते म्हणायला क्षणभर जड गेलं. पण म्हटलं, नाही वाचलेलं.

त्याने ते काउंटरवर माझ्या बाजूला सरकवलं. आत चिठ्ठी होती, "नाही वाचलंत तरी चालेल. पंधरा तारखेला परत करायचंय."

तुझी,
ताई