संशोधनाच्या पायऱ्या गडचिरोलीच्या एका अभ्यासातून समजून घेताना

प्रश्न: एमएसडब्ल्यूच्या लघुप्रबंधासाठी समस्या विधानापासून निष्कर्षांपर्यंत सगळ्या पायऱ्या लिहायच्या आहेत. परिकल्पना आणि चल यांच्या व्याख्या पाठ आहेत, पण प्रत्यक्षात हे कसं असतं ते डोक्यात शिरत नाही. खरं उदाहरण घेऊन कुणी सोपं करून सांगेल का?

उत्तर:

लघुप्रबंध तपासताना मला दिसतं, की बहुतेकांचं गाडं व्याख्येत अडत नाही, पहिल्या वाक्यात अडतं. म्हणून आपल्याकडचाच एक अभ्यास घेऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोली जिल्ह्यात १९९३ ते १९९८ या काळात नवजात बाळांच्या मृत्यूंवर एक अभ्यास केला. १९९९ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात तुम्हाला हव्या असलेल्या सगळ्या पायऱ्या स्पष्ट दिसतात.

'गडचिरोलीतील बालमृत्यू' हा विषय झाला, समस्या नव्हे. विषयावर माहितीचा ढीग जमवता येतो, पण त्याला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. समस्या हाती यायची तर विषय कापत न्यावा लागतो. कोणत्या वयातले मृत्यू? जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतले. या बाळांवर उपचार का होत नाहीत? दवाखाना लांब आहे आणि खर्च परवडत नाही. मग प्रश्न उरतो तो असा: बाळ दवाखान्यात पोहोचत नसेल, तर गावातल्याच प्रशिक्षित बाईनं घरी जाऊन त्याची काळजी घेतली आणि जंतुसंसर्गावर उपचारही केले, तर हे मृत्यू कमी होतील का? हे समस्या विधान. पूर्वीच्या अभ्यासांचा आढावाही याच कापाकापीसाठी घ्यायचा असतो. पानं भरायला नाही.

आता परिकल्पना. या प्रश्नाचं जे उत्तर आपल्याला अपेक्षित आहे, ते माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवायचं. या अभ्यासात ते असं होतं: घरपोच सेवेमुळे नवजात मृत्युदर तीन वर्षांत किमान २५ टक्क्यांनी कमी होईल. यातला आकडा आणि मुदत नीट पाहा. मृत्युदर १० टक्क्यांनीच उतरला असता, तर संशोधकांना 'परिकल्पना टिकली नाही' असं लिहावं लागलं असतं. चुकीचं ठरायची वाट मोकळी असते, तेव्हाच त्या विधानाला परिकल्पना म्हणता येतं. 'घरपोच सेवा बाळांसाठी उपयुक्त असते' हे वाक्य कधीच हरत नाही, म्हणून ते उपयोगाचं नाही. शून्य परिकल्पना म्हणजे याच्या उलट विधान: सेवा दिली काय, न दिली काय, फरक पडत नाही. संख्याशास्त्रीय चाचणी या शून्य परिकल्पनेची घेतात.

चल म्हणजे अभ्यासात जे बदलतं ते. इथे संशोधकांनी जे बदललं ते म्हणजे सेवा. ३९ गावांत ती दिली, ४७ गावांत दिली नाही. हा स्वाश्रयी चल. त्याचा परिणाम ज्याच्यावर मोजला तो नवजात मृत्युदर, हा आश्रयी चल. पण तो मोजायचा कसा हेही आधी ठरवावं लागतं: जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे पहिल्या २८ दिवसांत किती दगावली. 'जिवंत जन्मलेल्या' हे शब्द इथे फार महत्त्वाचे आहेत. जन्मून तासाभरात गेलेलं बाळ कुणी मृतजन्म म्हणून नोंदवलं, तर एकही जीव न वाचता कागदावरचा मृत्युदर खाली येतो. या अभ्यासात मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू एकत्र धरणारा परिजन्म मृत्युदरही मोजला होता आणि तोही मोठ्या प्रमाणात उतरला. त्यामुळे नोंदीच्या फेरफारानं आकडा घसरला ही शंका बरीचशी मिटते.

तिसरा प्रकार म्हणजे बाह्य चल. पाच वर्षांत रस्ते होतात, पिकं बरी येतात, सरकारी योजना येतात. मृत्यू त्यामुळे कमी झाले नाहीत कशावरून? ४७ गावं होती ती यासाठीच. हे बदल तिथेही होणारच. त्यापलीकडे जो फरक दिसेल तो सेवेच्या खात्यात धरायचा. अट एकच, की दोन्ही गटांची सुरुवात सारखी हवी. म्हणून १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षं नवजात बाळांची सेवा सुरू न करता फक्त नोंदी घेतल्या. ज्या गावांत पुढे सेवा दिली त्या गटात मृत्युदर ६२ निघाला, दुसऱ्यात ५८. म्हणजे जवळपास सारखाच.

माहिती संकलनातली एक गोष्ट तुमच्या मार्गदर्शकांना आवर्जून दाखवा. घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या आरोग्यदूत वेगळ्या होत्या आणि जन्म-मृत्यूची नोंद करणारे लोक वेगळे होते. ज्यानं काम केलं त्यानंच आपलं यश मोजलं, तर मोजणी नकळत झुकते. लहानशा अभ्यासातही हे पाळता येतं: ज्या गटासोबत तुम्ही उपक्रम घेतलात, त्याची मुलाखत वर्गमैत्रिणीला घेऊ द्या.

निष्कर्ष असा निघाला, की तिसऱ्या वर्षी सेवा मिळालेल्या गावांत नवजात मृत्युदर २५.५ वर आला. ६२ वरून २५.५ म्हणजे सुमारे ५९ टक्के घट. पण अहवालात निव्वळ घट ६२.२ टक्के दिली आहे, कारण त्याच काळात दुसऱ्या गावांतला दर घटला नाही, उलट किंचित वाढला. तो फरकही हिशेबात धरावा लागतो. सोबत p<0.001 असं लिहिलं आहे. त्याचा अर्थ, सेवेचा खरोखर काहीच परिणाम नसता तर केवळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता हजारात एकाहून कमी. म्हणून शून्य परिकल्पना नाकारली.

निष्कर्ष कुठे थांबतो हेही लिहावं लागतं. सेवेत अनेक गोष्टी एकत्र होत्या: जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत, ऊब, स्तनपान, जंतुसंसर्गावर औषधं. संपूर्ण सेवेचा परिणाम झाला एवढं या आकड्यातून कळतं. त्यातल्या कोणत्या भागाचा किती, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. शिवाय गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, म्हणून सुरुवातीच्या दोन वर्षांच्या नोंदींवर इतका भर द्यावा लागतो.

तुमच्या लघुप्रबंधात बहुधा एकदाच प्रश्नावली भरून घेतली जाईल. काही बदलून पाहायला वेळ नसेल. मग तुम्ही स्वाश्रयी चल बदललेला नसतो, जसा सापडला तसा नोंदवलेला असतो. अशा वेळी 'आईच्या शिक्षणामुळे लसीकरण वाढते' असं लिहू नका. 'आईचं शिक्षण आणि लसीकरण यांच्यात संबंध आढळला' एवढंच लिहा, आणि त्याच परिच्छेदात उत्पन्न किंवा दवाखान्याचं अंतर यांपैकी कोणता बाह्य चल तुम्हाला तपासता आला नाही तेही नोंदवा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुतेक त्यावरच येतो.