सोया, ब्लॅक कोहोश आणि ‘बायोआयडेंटिकल’ क्रीम

प्रश्न: वय ५१, पाळी थांबून चौदा महिने झाले. दिवसाला आठ-दहा वेळा अंगातून गरम वाफा येतात. सोया किंवा ब्लॅक कोहोश या वनस्पतीच्या गोळ्यांनी फरक पडेल का? न्यू जर्सीची ताई लाळ तपासून बनवलेलं ‘बायोआयडेंटिकल’ क्रीम लावते. नैसर्गिक आहे म्हणजे सुरक्षितच ना?

उत्तर:

आधी क्रीमचं बोलू, कारण खरा धोका तिथे आहे. बायोआयडेंटिकल म्हणजे आपल्या बीजकोशात तयार होणाऱ्या हार्मोनसारखाच रेणू. तो नेहमीच्या मान्यताप्राप्त औषधांतही असतो: इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेनचं जेल किंवा पॅच आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. ताईचं क्रीम वेगळं आहे ते एवढ्यासाठीच की ते फार्मसीत मागणीनुसार घोटून दिलेलं असतं आणि अशा मिश्रणांना अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची मान्यता नसते. लाळेतलं हार्मोनचं प्रमाण दिवसभरात बदलत राहतं, त्यामुळे त्यावरून डोस ठरत नाही. डोस त्रास किती कमी झाला ते पाहून ठरवतात.

मुख्य गोम गर्भाशयाच्या अस्तराची. इस्ट्रोजेन त्वचेतून नीट शोषलं जातं आणि अस्तर वाढवतं. ते आवरायला प्रोजेस्टेरॉन पुरेसं लागतं, आणि त्याच्या क्रीमवर त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. अस्तर वर्षानुवर्षं जाड होत राहिलं तर कर्करोगापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून गर्भाशय असेल तर कॅप्सूलच घेतात, रोज रात्री १०० मिलिग्रॅम किंवा महिन्यातले १२ दिवस २०० मिलिग्रॅम. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी सोनोग्राफी करून घ्यायची. अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्याचा तुकडा तपासतात. ताईला हे जरूर कळवा.

आता वनस्पती. वाफांच्या अभ्यासात नुसत्या पिठाच्या गोळीवरही त्रास जवळपास निम्म्यावर आलेला दिसतो. तुमच्या दहाच्या पाच झाल्या तर श्रेय शेवटी घेतलेल्या गोळीला मिळतं, ती कुठलीही असो. म्हणून तुलना बनावट गोळीशीच करावी लागते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, ३५१ स्त्रियांच्या वर्षभराच्या चाचणीत ब्लॅक कोहोश रोज १६० मिलिग्रॅम दिलं होतं. बनावट गोळीपेक्षा फरक दिवसाला एका वाफेचाही पडला नाही. हार्मोनवर मात्र साधारण चार कमी झाल्या. शिवाय ब्लॅक कोहोशने क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली तर लगेच बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

सोयाच्या चाचण्या एकमेकींशी जुळत नाहीत. काहींत आयसोफ्लेवोन या सोयातल्या इस्ट्रोजेनसारख्या घटकांनी थोडा उतार दिसला, पण रोज २०० मिलिग्रॅम दोन वर्षं देऊनही एका चाचणीत ना वाफा घटल्या, ना हाडं टिकली. आतड्यातले जीवाणू सोयातल्या डेडझीन या आयसोफ्लेवोनचं इक्वॉल हे जास्त प्रभावी रूप बनवतात, पण प्रत्येकीकडे ते जीवाणू नसतात. फरकाचं एक संभाव्य कारण हे मानतात. सोयाबीनची भाजी आवडत असेल तर खुशाल खा, गोळ्यांवर पैसे घालू नका.

पुढच्या भेटीआधी दोन आठवडे वाफांची रोजची संख्या लिहून ठेवा. स्तनाचा कर्करोग, पायातली रक्ताची गाठ किंवा यकृताचा आजार झाला असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, कारण हार्मोन द्यायचं की नाही ते त्यावरच ठरतं.