प्रेक्षकांच्या तीन आठवडे पुढे

"मी वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर बागकामाचं चॅनल चालवते आहे. बी पेरल्यापासून फळ लागेपर्यंत एकाच झाडाचं शूटिंग करायचा दोनदा प्रयत्न केला, पण दोन्ही वेळा रोप मेलं आणि सगळं अर्धवट राहिलं. बिया आणि कुंड्या विकून यातून पोटापाण्यापुरतं मिळेल का? बाबा म्हणतात, आधी पदवी पूर्ण कर. नियोजन कसं करू, ते सांगाल का?"

तू 'एकाच झाडाचं' असं लिहिलंस, तिथेच अडचण आहे. एका रोपावर शंभर-सव्वाशे दिवसांचं काम टांगून ठेवलं, तर ते रोप गेलं की सगळंच जातं. म्हणून पेरणी तीन तुकड्यांत कर. टोमॅटोचं उदाहरण घेऊ. पहिल्या दिवशी चार कुंड्या, दहाव्या दिवशी चार आणि विसाव्या दिवशी आणखी चार. पहिल्या तुकडीतलं सगळ्यात सरळ रोप कॅमेऱ्यासमोर ठेवायचं. ते गेलं तर त्याच वयाची तीन शेजारी असतातच. चारही गेली, तर दुसरी तुकडी फक्त दहा दिवस मागे असते. फक्त रोप बदललं की व्हिडिओत तसं स्पष्ट सांग. पुढे याच प्रेक्षकांनी तुझ्याकडून बी घ्यायचं आहे, आणि बदललेल्या पानांची ठेवण त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

आता या तुकड्या प्रेक्षकांच्या वेळापत्रकाशी जोडू, कारण कमाईचा प्रश्न तिथेच सुटतो. बहुतेक जण पेरणी ते लाल फळ असा पूर्ण व्हिडिओ तयार झाला की प्रसिद्ध करतात आणि खाली बियांची जाहिरात देतात. टोमॅटोला पेरणीपासून पहिलं फळ लाल व्हायला साधारण १०० ते ११० दिवस लागतात. तोवर पेरणीचा हंगाम निघून गेलेला असतो. प्रेक्षकाला व्हिडिओ आवडतो, पण त्या दिवशी त्याला बी नको असतं.

त्यामुळे तुझी पहिली तुकडी प्रेक्षकांच्या तीन आठवडे पुढे असायला हवी. तुझ्या पेरणीपासून दिवस मोज. आठवड्याभरात कोंब वर येतात. चौदाव्या दिवशी पेरणी आणि उगवणीचा पहिला भाग प्रसिद्ध कर आणि बियांची पाकिटं त्याच दिवशी विक्रीला ठेव. पाकीट हातात पडून प्रेक्षक पेरेल तेव्हा तुझा एकविसावा दिवस असेल. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास तुझं रोप मोठ्या कुंडीत जाईल. प्रेक्षकाचं रोप त्या वयाला पोहोचेल तेव्हा तुझ्याकडे एकोणपन्नासावा दिवस असेल. मोठ्या कुंडीचा भाग पस्तिसाव्या दिवशी आला, तर कुंडी मागवायला त्याच्या हातात दोन आठवडे राहतात आणि त्याला ती तेव्हाच हवी असते. टोमॅटोला निदान १५ लिटर माती मावेल एवढी कुंडी लागते, हे त्या भागात दाखवूनच सांग. लहान कुंडीतलं त्याच वयाचं रोप शेजारी ठेवलंस, तर फरक डोळ्यांना दिसेल. त्यासाठी पहिल्या तुकडीतलंच एक रोप मुद्दाम लहान कुंडीत राहू दे.

तिसरी तुकडी विसाव्या दिवशी पेरलेली, म्हणजे वयाने जवळजवळ प्रेक्षकांच्या रोपांएवढीच. "माझ्या रोपाची पानं पिवळी पडली" असं कोणी लिहिलं की आधी ही तुकडी पाहा आणि मग उत्तर दे. लाल फळापर्यंतचा सलग मोठा व्हिडिओ लगेच टाकू नकोस. तो पुढच्या हंगामाच्या पेरणीआधी दोन-तीन आठवडे येऊ दे.

आता शूटिंग. सव्वाशे दिवस कॅमेरा लावून ठेवायची गरज नाही. झाडाच्या वाढीचे वेग वेगळे असतात, त्यानुसार तीन टप्पे कर. पहिला टप्पा कोंब फुटल्यापासून खरी पानं येईपर्यंतचा, साधारण दहा दिवसांचा. हा घरातच, टायमर लावलेल्या दिव्याखाली घे. दिवा रोज १६ तास चालू ठेवलास आणि दर १५ मिनिटांनी एक फोटो घेतलास, तर दिवसाला ६४ फोटो होतात. दहा दिवसांचे ६४०. सेकंदाला २४ फोटो या वेगाने ते सुमारे २७ सेकंद चालतात, आणि तेवढे पुरतात. दिवा बंद असताना फोटो घेऊ नकोस, मध्येमध्ये काळ्या चौकटी येतील.

दुसरा टप्पा मोठ्या कुंडीतल्या वाढीचा. झाड आता उन्हात असतं. तिथे दर १५ मिनिटांनी फोटो घेणं व्यर्थ आहे, वाऱ्याने झाड थरथरतं आणि ढगांनी उजेड बदलत राहतो. रोज ठरलेल्या वेळी, जमिनीवर खूण केलेल्या जागेवरून एकच फोटो घे. ७० दिवसांचे ७० फोटो, सेकंदाला १२ या वेगाने जवळपास सहा सेकंद. तिसरा टप्पा फळ रंगायचा. हिरव्या फळाच्या टोकाला फिकट गुलाबी छटा दिसली की पूर्ण लाल व्हायला आठवडाभर लागतो. तेव्हा झाड पुन्हा दिव्याखाली आणून दर अर्ध्या तासाने फोटो घे.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाने पहिला टप्पा सुंदर मांडला होता, पण व्हिडिओ चालवला की चित्र लुकलुकायचं. कॅमेरा प्रत्येक फोटोला उजेड आणि रंग स्वतः ठरवत होता, आणि खोलीत खिडकीतून ऊनही येत होतं. उजेड, रंगाचा समतोल आणि फोकस हे तिन्ही हाताने एकदा ठरवून कायम ठेवायचे आणि खिडकीला जाड पडदा लावायचा. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय आणि कुंडीची कड कुठे येते, तिथे चिकटपट्टीने खुणा कर. चौकटीत रोपाच्या वर निदान दुप्पट जागा मोकळी सोड, नाहीतर आठव्या दिवशी शेंडा बाहेर जातो. पाणी वरून ओतू नकोस, कुंडी हलते आणि माती उडते. खाली ताटली ठेवून त्यात पाणी घाल, माती ते ओढून घेते, आणि अर्ध्या तासाने उरलेलं काढून टाक.

तुझी रोपं कशाने मेली ते तू लिहिलं नाहीस, पण शूटिंगमधली रोपं बहुधा दोन कारणांनी जातात आणि दोन्ही कारणं शूटिंगनेच तयार होतात. ओलावा टिकावा म्हणून आपण कुंडीवर पारदर्शक झाकण ठेवतो आणि छान दिसतं म्हणून ते तसंच राहू देतो. कोंदटपणा वाढतो, बुरशी लागते, देठ मातीलगत चिमटा काढल्यासारखा बारीक आणि तपकिरी होतो आणि रोप एका रात्रीत आडवं पडतं. ते वाचत नाही. कोंब दिसला की त्याच दिवशी झाकण काढायचं आणि मातीचा वरचा थर मधूनमधून सुकू द्यायचा. दुसरं कारण दिव्याचं. चौकटीत दिसू नये म्हणून दिवा लांब किंवा बाजूला नेला की रोप लांबुळकं, फिकट होतं आणि दिव्याकडे वाकतं. दिवा वरच आणि जवळ हवा, कॅमेऱ्याची चौकट त्याच्या खाली बसव. घरातलं रोप उन्हात नेतानाही घाई नको. पहिल्या दिवशी एक तास, मग वाढवत आठवड्याभरात पूर्ण ऊन, नाहीतर पानांवर पांढरे करपलेले डाग पडतात.

विक्रीत बियांबद्दल मी फार काटेकोर आहे. नवीन बियाणं आलं की ५० बिया ओल्या टिपकागदात, झाकणाच्या डब्यात, उबदार जागी ठेव आणि चौदाव्या दिवशी मोज. ४३ उगवल्या तर उगवण ८६ टक्के. तो आकडा आणि चाचणीची तारीख पाकिटावर लिही. ७० टक्क्यांच्या खाली आकडा आला, तर मी ते बी विकणार नाही आणि तूही विकू नकोस. ही चाचणी तू कॉलेजच्या प्रयोगशाळेतही करू शकतेस. पाकिटं थोडीच भर. टोमॅटोचं बी कोरडं आणि थंड ठेवलं तर काही वर्षं टिकतं, पण कांद्यासारखं बी वर्षा-दोन वर्षांतच कमजोर होतं. शूटिंगमधल्या झाडाच्या फळाचं बी विकायचा मोह होईल. झाड संकरित वाणाचं असेल तर पुढची पिढी तशी निघत नाही, त्यामुळे ते विकायचं नाही. सरळ वाण असेल तरच विचार कर, आणि तेही तुझ्या भागातले बियाणे विक्रीचे नियम वाचून.

कुंड्यांचं गणित वेगळं. मातीची कुंडी पाठवताना फुटते आणि वजनाने पाठवणीचा खर्च चढतो. सुरुवातीला घडी होणाऱ्या कापडी पिशव्या घे. कडक कुंड्यांसाठी दुसऱ्या विक्रेत्याचा दुवा देऊन कमिशन घे आणि ते कमिशन मिळतं हे प्रेक्षकांना सांग. कमाई मुख्यत्वे चौदाव्या आणि पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास होईल, खर्च मात्र पेरणीच्या आधीपासून सुरू. मधले दिवस काढता येतील एवढीच खरेदी कर.

बाबांचं म्हणणं मला पटतं, पण चॅनल बंद करावं म्हणून नव्हे. रोपांचं काम नेमाने दिवसाला अर्धा-पाऊण तास मागतं, ते अभ्यासाबरोबर जमतं. पदवी संपेपर्यंत अशा दोन फेऱ्या पूर्ण कर आणि प्रत्येक फेरीत एकच आकडा जपून ठेव. बियांचं पाकीट घेतलेल्यांपैकी किती जण कुंडीसाठी परत आले? पाहणारे खूप आणि परत येणारे मोजके, असं दोन्ही वेळा झालं, तर चॅनल जोडधंदा म्हणून ठेव आणि बीज तपासणी किंवा रोपवाटिकेतल्या नोकरीकडे बघ. दुसऱ्या फेरीत परत येणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, तर पदवीनंतरचं एक वर्ष पूर्णवेळ देऊन पाहायला माझी हरकत नाही, आणि तो आकडा बाबांनाही दाखव.

पेरणीची तारीख ठरवण्याआधी परीक्षेचं वेळापत्रक समोर घे. अठ्ठाविसावा ते पस्तिसावा दिवस म्हणजे कुंडी बदलणं, ऊन दाखवणं आणि विक्री, हे सगळं एका आठवड्यात येतं. तो आठवडा परीक्षेत येत असेल, तर पेरणी पंधरा दिवस मागे-पुढे कर.