190 वरून 70 वर यायला किती गुण?

"मॅडम, मुलीला नीटमध्ये 480 गुण आहेत आणि गोव्याच्या यादीत ती 190वी आहे. पहिल्या नंबराला 660. पुन्हा बसून 70च्या आत यायचं तर 120 गुण वाढवावे लागतील ना? एवढे होतील का?"

फोंड्याहून आलेल्या आईने हिशेब सरळ केला होता: 180 गुणांच्या अंतरात 190 मुलं, म्हणजे गुणाला साधारण एक मूल. पण मुलं अशी सारखी पसरलेली नसतात. वरच्या टोकाला ती विरळ असतात आणि खाली येऊ तशी दाटी वाढते. मुलगी दाटीत उभी आहे, त्यामुळे तिच्या आसपासची गर्दी मोजायला हवी.

आम्ही तंत्रशिक्षण संचालनालयाची गुणवत्ता यादी घेऊन 20-20 गुणांचे टप्पे पाडले. (इथले आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.) 470 ते 490 मध्ये 40 मुलं होती, म्हणजे गुणाला दोन. तेवढ्यावरून 120 क्रमांकांना 60 गुण पुरतील असं वाटतं, पण वर जाताना गर्दी ओसरते. 480 ते 500 मध्ये 36, पुढच्या 20 गुणांत 32, त्यापुढे 28. असे 540 पर्यंत 96 क्रमांक पार होतात. उरलेले 24 क्रमांक 540 ते 560 या टप्प्यात. म्हणजे 80 गुण हवेत.

टप्पा दोन-चार गुणांचा घेतला तर चार मुलं योगायोगाने एकत्र आली तरी उत्तर डळमळतं. शंभराचा घेतला तर आईचीच चूक होते. राखीव वर्गातून प्रवेश घ्यायचा असेल तर हीच मोजणी त्या वर्गाच्या यादीवर करावी. समान गुणांत आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात, म्हणून काठावरची दोन-तीन स्थानं त्यावरही हलतात.

मात्र 560 हा आकडा पुढच्या वर्षीचं लक्ष्य म्हणून भिंतीवर लावू नका, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. 2024 मध्ये देशात पहिल्या आलेल्यांना 720 होते, 2025 च्या अवघड पेपरात पहिल्याला 686. पेपर बदलला की गर्दीची जागाच सरकते. म्हणून दोन-तीन वर्षांच्या याद्यांवर हीच मोजणी करून किमान आणि कमाल काढायची, आणि सराव परीक्षेत गुणांपेक्षा क्रमांकाकडे पाहायचं.

मग उत्तरपत्रिका उघडली: 126 बरोबर, 24 चूक, 30 सोडलेले. चुकलेला प्रश्न बरोबर आला तर पाच गुण वाढतात, कारण वजा झालेला एक गुणही परत मिळतो. सोडलेला बरोबर आला तर चार. चुकलेल्यांपैकी दहा आणि सोडलेल्यांपैकी आठ सुधारले की 82 होतात. मुलीने तिथेच पेन घेऊन, भौतिकशास्त्रापासून, ते अठरा प्रश्न शोधायला घेतले.