आठ बिटच्या आर-टू-आर लॅडरला १ टक्क्याचे रेझिस्टर पुरतात का?

"दादा, मी परभणीचा, ऑक्टोबरमध्ये जर्मनीला मास्टर्सला येतोय. प्रोजेक्टच्या आठ बिटच्या आर-टू-आर डॅकमध्ये १२७ वरून १२८ ला गेलं की व्होल्टेज वाढायचं सोडून कमी होतं. रेझिस्टर ५ टक्क्यांचे आहेत. १ टक्क्याचे लावले की झालं का? तिथं लॅबच्या कामासाठी मुलाखतीत हेच विचारतात म्हणे."

खात्रीनं "झालं" म्हणता येणार नाही. मी लातूरचा, इथं लॅबमध्येच काम करतो. असं विचारलं तर आकडे मांडूनच उत्तर दे.

सूत्र तुला माहीत आहे: `Vout = Vref × D / 256`, यात D म्हणजे डॅकला दिलेला आकडा. ५ व्होल्टला एक पायरी १९.५ मिलिव्होल्टची. १२७ ला खालचे सातही बिट चालू असतात, १२८ ला ते सगळे बंद होतात आणि एकटा सर्वांत मोठा बिट चालू होतो. म्हणजे त्या एका रेझिस्टरला बाकी सातांची बेरीज गाठून वर एक पायरी चढायची असते.

आता फक्त तोच रेझिस्टर १ टक्क्यानं जास्त धर, बाकी सगळे बिनचूक. तो मुळात 2R चा, आणि त्याच्या टोकातून पाहिलं तर उरलेली लॅडरही बरोबर 2R दिसते, त्यामुळे हिशेब साध्या व्होल्टेज डिव्हायडरचा:

```
१२८: 5 × 1/2.01                = 2.4876 V
१२७: 5 × (127/128) × 1.01/2.01 = 2.4928 V
```

पायरी ५ मिलिव्होल्टनं खालीच गेली! हा रेझिस्टर ५ टक्क्यांनी जास्त असेल तर घसरण १०० मिलिव्होल्टच्या आसपास जाते. बाकी बिनचूक असताना याची जास्तीत जास्त चूक १/१२७, म्हणजे ०.७९ टक्के चालते. दहा बिटला तीच ०.२ टक्क्यांवर येते. उलट तो १ टक्क्यानं कमी असेल तर व्होल्टेज चढतं, पण पायरी ४५ मिलिव्होल्टची होते. सर्वांत लहान बिटाच्या रेझिस्टरची तेवढीच चूक जेमतेम ०.१ मिलिव्होल्टचा फरक पाडते.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घे. सगळेच रेझिस्टर १ टक्क्यानं जास्त असले तर आउटपुट जराही बदलत नाही, कारण खेळ गुणोत्तराचा आहे. म्हणून महागडे रेझिस्टर घेण्याआधी एकाच पट्टीतले १० किलोओहमचे काढ, मल्टिमीटरनं एकेक मोज आणि 2R च्या जागी दोन-दोन ओळीनं जोड. सर्वांत जवळ जुळणारे वरच्या दोन-तीन बिटांना ठेव. मीटरची स्वतःची चूक सगळ्यांना सारखीच लागते, त्यामुळे निवडीत ती आड येत नाही.

मायक्रोकंट्रोलरच्या पिनचा स्वतःचा रेझिस्टन्सही त्या 2R मध्येच मिळतो. तो २५ ओहम धरला तर २० किलोओहमपुढे नगण्य, पण 2R दोन किलोओहमचा घेतलास तर तोच सव्वा टक्का होतो.

तपासताना आउटपुटला काही जोडू नकोस. ६३-६४, १२७-१२८ आणि १९१-१९२ या तिन्ही जोड्या मीटरवर मोज आणि ते आकडे वहीत लिहून आण.