'लगेच काढा' दाबलं की पैसे का कापतात?

प्रश्न: डिलिव्हरीचं पेमेंट आठवड्यानं येते. अर्जंट काढलं तर चार्ज कापतेत. पैसे माहेच, मग चार्ज कायचा?

उत्तर: कारण कंपनी तो पैसा स्वतःच्या गल्ल्यातून आधी देते. गिऱ्हाइकानं आज भरलेली रक्कम तिच्या खात्यात बहुधा दुसऱ्या दिवशी पडते. त्यात ऑर्डर परत आली तर वसुलीची कटकट. शिवाय आठवड्याला एकदा पाठवायच्या ऐवजी रोज पाठवलं, की बँक दर व्यवहाराचे वेगळे पैसे घेते.

रक्कम येते ती आयएमपीएस किंवा यूपीआयनं, म्हणून पोळ्याच्या सुट्टीतही मिळते. डेबिट कार्डावर घेतली तरी जमा होते कार्डामागच्या खात्यातच.

समजा, यवतमाळात ६४० रुपये कमावले अन् चार्ज १० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११.८० गेले, हाती ६२८.२०. आठवड्यात पाचदा काढलं तर ५९ रुपये. चार्ज ठरावीक असेल तर पेट्रोलपुरते दोनशे-दोनशे काढणं सगळ्यात महाग.

वॉलेटमध्ये घेत असाल तर आधी पूर्ण केवायसी करा. अर्धवट केवायसीच्या वॉलेटातून फक्त खरेदी होते. पैसा बँकेत वळवता येत नाही, रोखही निघत नाही. आमच्या गावातला एक पोरगा असाच अडकला होता, शेवटी त्यानं किराणा भरला.