थंडीत नवरीची मेंदी

डिसेंबरात नवरीच्या मेंदीची ऑर्डर आहे. नाशिकच्या थंडीत रंग फिका येतो, काय करू?

ताई, थंडीत मेंदीचा रंग सुटायला वेळ लागतो. मी आदल्या रात्री लिंबाच्या रसात भिजवून डबा उबेला ठेवते. सकाळी तळहातावर ठिपका लावायचा; पाच मिनिटांनी पुसल्यावर केशरी डाग राहिला, तरच कोन भरायचे.

आणि मेंदी दोन दिवस आधी काढा. गंगापूर रोडच्या एका नवरीचं लग्न रविवारी होतं, मेंदी शुक्रवारी. रात्रभर ठेवून शनिवारी सकाळी खरवडली, तर रंग नुसता केशरी. आई रडवेली झाली! हाताला दिवसभर पाणी लावू दिलं नाही. रविवारी मुहूर्ताला तळवे गडद तपकिरी. घाईसाठी काळ्या मेंदीचे कोन मात्र नकोच, त्यातल्या रसायनाने फोड येतात.